हजार अर्ज, चोवीस माणसं

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० जणांनी अर्ज भरले. पूर्वपरीक्षेला त्यातले ५,९२,१४१ जण बसले. मुख्य परीक्षेसाठी १४,६२४ जण पात्र ठरले, मुलाखतीचं बोलावणं २,८५५ जणांना आलं आणि १६ एप्रिल २०२४ रोजी जाहीर झालेल्या यादीत १,०१६ नावं होती. जाहिरात १ फेब्रुवारी २०२३ ची, म्हणजे सगळा प्रवास ४४० दिवसांचा.

यातलं ‘हजारात एक’ एवढंच आपल्या लक्षात राहतं. शिकवण्यांच्या जाहिरातीही तेवढंच सांगतात. पण हेच आकडे टप्प्याटप्प्याने वाचले तर वेगळं काही दिसतं. अर्ज भरलेल्यांपैकी जवळजवळ ४२ टक्के परीक्षेला गेलेच नाहीत. त्यांना आयोगाने नाकारलेलं नाही, ते स्वतःहून थांबले. यामागे एक साधा नियम आहे: पूर्वपरीक्षेला बसलं की एक संधी खर्ची पडते, नुसता अर्ज भरून घरी राहिलं तर पडत नाही. अर्जाचं शुल्क शंभर रुपये, आणि महिलांसह अनेक गटांना तेही माफ. त्यामुळे अभ्यास झाला तर बसू, नाही तर संधी वाचवू, असा विचार करून अर्ज भरणारे पुष्कळ असतात.

पुढच्या टप्प्यावरची गळती साडेसत्त्याण्णव टक्के आहे. ती मात्र आयोगाने आधीच ठरवलेली असते, कारण मुख्य परीक्षेला जागांच्या साधारण बारा-तेरा पट उमेदवार घ्यायचे असा नियम आहे. उरलेले सगळे कच्चे होते असा त्याचा अर्थ होत नाही. जागा दुप्पट झाल्या असत्या तर तितकेच हुशार आणखी चौदा-पंधरा हजार जण पुढे गेले असते.

टप्पा, त्या टप्प्यावरची माणसं, मधली गळती आणि लागलेले दिवस अशा मांडणीला कंपन्यांच्या एचआर विभागात ‘रिक्रूटमेंट फनेल’ म्हणतात. दर महिन्याच्या बैठकीत ते पडद्यावर येतं आणि त्यावरून निर्णय होतात: कोणत्या जॉब पोर्टलचं पॅकेज घ्यायचं, कन्सल्टन्सीला पैसे द्यायचे का, कर्मचाऱ्यांनी ओळखीचा माणूस आणला तर किती बक्षीस द्यायचं. म्हणून ते नीट वाचता येणं गरजेचं आहे.

कारखान्याचा हिशोब

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना कल्पनेने उभा करू. आकडे मी उदाहरणासाठी बांधले आहेत. कारखान्याला दोन प्रकारची माणसं हवी आहेत: मशीन चालवणारे आयटीआय झालेले ऑपरेटर आणि गुणवत्ता तपासणीचे अनुभवी इंजिनिअर. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत हजार अर्ज आले. या हजार जणांचं पुढे काय झालं, ते ऑगस्टअखेरपर्यंत पाहिलं.

| टप्पा | माणसं | आधीच्या टप्प्यापासून गळती |
|---|---|---|
| आलेले अर्ज | १००० | – |
| छाननीत निवडलेले | २४० | ७६% |
| मुलाखतीला हजर | १८० | २५% |
| तांत्रिक मुलाखत पास | ६० | ६७% |
| ऑफर दिलेले | ३६ | ४०% |
| ऑफर स्वीकारलेले | ३० | १७% |
| रुजू झालेले | २४ | २०% |

टक्केवारीचा हिशोब सोपा आहे. २४० जणांना बोलावलं आणि १८० आले, म्हणजे ६० गळाले. २४० तले ६० म्हणजे २५ टक्के. प्रत्येक ओळीची गळती तिच्या वरच्या ओळीवर काढायची असते. काही अहवालांत ती मूळ अर्जांवर काढलेली असते आणि मग चित्र पार बदलतं. शेवटचे सहा जण हजार अर्जांच्या हिशोबाने ०.६ टक्के, म्हणजे नगण्य वाटतात. ऑफर स्वीकारलेल्या तिसांच्या हिशोबाने तेच सहा जण म्हणजे दर पाचातला एक. अहवाल हातात आला की ही टक्केवारी कशावर काढली आहे, हे आधी विचारावं.

या तक्त्यात नजर सर्वांत आधी ७६ टक्क्यांवर जाते. बैठकीतही तिथेच बोट ठेवलं जातं: ‘एवढे अर्ज वाया जातात, पोर्टल बदला.’ पण छाननी असतेच ती नको असलेले अर्ज बाजूला काढायला. पोर्टलवर एका क्लिकमध्ये अर्ज करता येतो, त्यामुळे न जुळणारे अर्ज येणारच. ते बाजूला काढायला वेळ कमी लागतो आणि कुणाचं फारसं नुकसान होत नाही.

खरा फरक ‘नाही’ कोण म्हणालं यात आहे. छाननी, तांत्रिक मुलाखत आणि अंतिम फेरी या तीन टप्प्यांवर नकार मुख्यतः कारखान्याचा आहे: ७६०, १२० आणि २४, मिळून ९०४ जण. हजेरी, स्वीकार आणि रुजू होणं या तीन टप्प्यांवर नकार उमेदवाराचा आहे: ६०, ६ आणि ६, मिळून ७२ जण. कारखान्याने चोवीस माणसं मिळवली आणि ज्यांना त्याने पुढे या म्हटलं होतं अशी बहात्तर गमावली. पहिला गट पाहून आपले निकष बरोबर आहेत का हे तपासायचं, दुसरा पाहून आपलं वागणं. दोन्ही गळती एकाच रकान्यात, एकाच शाईत छापल्या की हा फरक पुसला जातो.

अंतिम फेरीतल्या चोवीस जणांबद्दल मात्र शंका राहते. तिथे पगाराची बोलणी होतात. आकडा न जुळल्यामुळे माणूस गेला तर नकार कुणाचा? ते त्याच दिवशी नोंदवलं नाही तर महिनाभराने कुणालाच सांगता येत नाही, आणि रिक्रूटरच्या नोंदीत ‘नॉट सूटेबल’ एवढाच शेरा उरतो. चांगलं फनेल ठेवणाऱ्या विभागात प्रत्येक गळतीपुढे कारणाचा एक ठरलेला रकाना असतो: पगार, अंतर, शिफ्ट, दुसरी ऑफर, संपर्क झाला नाही. मुलाखतीला न आलेल्या साठांपैकी वीस जणांपुढे ‘रात्रपाळी’ असं कारण दिसलं तर उपाय हाताशी असतो. शिफ्टची माहिती जाहिरातीतच द्यावी, म्हणजे त्या वीस जणांचा आणि कारखान्याचाही वेळ वाचेल.

उशिरा गेलेला माणूस महाग पडतो

गळतीचे टक्के सारखे असले तरी त्यांची किंमत सारखी नसते. या कारखान्यात छत्तीस ऑफर निघाल्या त्या हजार अर्ज वाचून आणि १८० जणांच्या मुलाखती घेऊन. म्हणजे एका ऑफरमागे साधारण २८ अर्ज आणि पाच तांत्रिक मुलाखती आहेत. त्या मुलाखती घेणारा माणूस एचआरचा नसतो, तो उत्पादन विभागातला अनुभवी इंजिनिअर असतो आणि तेवढा वेळ त्याचं काम थांबलेलं असतं. ऑफर दिलेला उमेदवार आला नाही की हे सगळं पुन्हा करावं लागतं.

आणखी बारा माणसं हवी आहेत असं समजू. वरून अर्ज वाढवायचे ठरवलं तर याच प्रमाणाने आणखी ५०० अर्ज मागवावे लागतील आणि ९० जणांच्या मुलाखती घ्याव्या लागतील. आणि ऑफर देऊनही न आलेले नेमके बाराच जण आहेत. त्यातले निम्मे जरी थांबवता आले, तरी सहा माणसं एकही नवी मुलाखत न घेता मिळतात. फनेलच्या तळाशी केलेला थोडा प्रयत्न वरच्या मोठ्या खर्चाच्या तोडीचा ठरतो.

भारतात ही तळाची गळती विशेष जाणवते, याला कारण नोटीस पीरियड. अनुभवी माणसाला जुनी नोकरी सोडताना तीस, साठ, कधी नव्वद दिवस थांबावं लागतं. ऑफर लेटर खिशात असतं आणि हातात दोन-तीन महिने असतात. तेवढ्यात जुनी कंपनी पगार वाढवून देते, किंवा हीच ऑफर दाखवून तो तिसऱ्या कंपनीकडून जास्त मिळवतो. म्हणून इथल्या फनेलमध्ये ‘स्वीकारलं’ आणि ‘रुजू झालं’ या दोन वेगळ्या ओळी ठेवाव्याच लागतात. परदेशी बनावटीच्या कित्येक तक्त्यांत शेवटची ओळ ‘ऑफर स्वीकारली’ अशी असते. तो तक्ता तसाच उचलला तर आपला कारखाना तीस माणसं मिळाली म्हणून निर्धास्त राहील आणि मशीनवर चोवीसच उभी असतील.

कोणत्या वाटेने किती दिवस

आता हीच माणसं कुठून आली ते पाहू. कारखान्याकडे यायच्या तीन वाटा होत्या: जॉब पोर्टल, कर्मचाऱ्यांच्या ओळखी म्हणजे रेफरल, आणि कन्सल्टन्सी.

| स्रोत | अर्ज | ऑफर | रुजू | ऑफरनंतरची गळती | अर्ज ते रुजू, सरासरी दिवस |
|---|---|---|---|---|---|
| पोर्टल | ८०० | १८ | १० | ४४% | ६८ |
| रेफरल | १२० | १२ | १० | १७% | ३७ |
| कन्सल्टन्सी | ८० | ६ | ४ | ३३% | ५२ |

बैठकीत हा तक्ता लागला की निकाल लागल्यासारखाच वाटतो. पोर्टलवर ऐंशी अर्जांत एक माणूस मिळतो, रेफरलमध्ये बारात एक, शिवाय रेफरलचा माणूस जवळपास निम्म्या वेळात येतो. पोर्टलचे पैसे वाचवा, रेफरलचं बक्षीस वाढवा. मी मात्र इथे थांबायला सांगेन, कारण या तक्त्यात एक गोष्ट लपली आहे: कोणत्या वाटेने कोण आलं?

रेफरलने आलेल्या दहांपैकी आठ ऑपरेटर होते आणि दोन इंजिनिअर. पोर्टलवरून आलेल्या दहांत दोन ऑपरेटर आणि आठ इंजिनिअर. ऑपरेटरला नोटीस पीरियड नसल्यासारखाच असतो, तो महिन्याच्या आत येतो. इंजिनिअरला अडीच-तीन महिने लागतात. आता कामानुसार वेगळं करून पाहिलं तर पोर्टलच्या ऑपरेटरला सरासरी २० दिवस लागले आणि रेफरलच्या ऑपरेटरला २४. पोर्टलच्या इंजिनिअरला ८०, रेफरलच्या इंजिनिअरला ८८. दोन्ही कामांत पोर्टलच जलद आहे! तरी एकत्र सरासरीत रेफरल ३१ दिवसांनी पुढे दिसतं, ते केवळ त्या वाटेने लवकर येणारी माणसं जास्त आली म्हणून.

सगळं एकत्र केल्यावर दिसणारा कल आणि गट पाडल्यावर दिसणारा कल एकमेकांच्या उलट जातात, याला संख्याशास्त्रात सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. त्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं आहे. १९७३ मध्ये तिथे पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. स्त्रियांवर उघड अन्याय झाल्यासारखं दिसत होतं. विद्यापीठातल्याच संशोधकांनी विभागवार पाहणी केली आणि १९७५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडला: बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध कल आढळत नव्हता. जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड होतं, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. कारखान्याच्या तक्त्यातही हेच झालं आहे.

हीच शंका ४४ आणि १७ टक्क्यांच्या गळतीबद्दलही घ्यायला हवी. पोर्टलच्या उमेदवारांत इंजिनिअर जास्त, त्यांचा नोटीस पीरियड लांब, म्हणून गळतीही जास्त असू शकते. तो दोष पोर्टलचा असेलच असं नाही. आणि कन्सल्टन्सीच्या ३३ टक्क्यांवर तर काहीच बांधता येत नाही. सहांपैकी दोघे आले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. त्यातला एक जण आला असता तर हाच आकडा १७ टक्के झाला असता. टक्केवारीशेजारी मूळ माणसं किती होती हे छापलेलं नसेल तर तिच्यावर निर्णय घेऊ नये.

घड्याळ कधी सुरू झालं

दिवस मोजायचे तर सुरुवात आणि शेवट ठरवावा लागतो, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. एक घड्याळ जागेचं असतं. व्यवस्थापनाने जागा मंजूर केली तिथून ती भरेपर्यंत ते चालतं. दुसरं उमेदवाराचं, त्याने अर्ज केल्यापासूनचं. उत्पादन विभागाला पहिल्याशी देणंघेणं असतं, उमेदवाराला दुसऱ्याशी, आणि दोन्हींतला फरक सहज महिन्याचा असू शकतो.

कन्सल्टन्सीचे दिवस अनेकदा कमी दिसतात, कारण तिने माणूस शोधायला घालवलेले आठवडे कारखान्याच्या नोंदीत येतच नाहीत. सीव्ही ईमेलने आला की घड्याळ सुरू होतं. रेफरलमध्ये याच्या उलटही होतं. सहकाऱ्याने दिलेला सीव्ही साहेबांच्या व्हॉट्सॲपवर दहा दिवस पडून राहतो आणि एचआरच्या नोंदीत अकराव्या दिवशी चढतो. ते दहा दिवस उमेदवाराने मोजलेले असतात, कारखान्याने नाही. शिवाय एकच माणूस पोर्टलवरही असतो आणि कन्सल्टन्सीकडूनही येतो. कन्सल्टन्सीचं शुल्क सहसा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकं असतं, त्यामुळे तो कुणाच्या खात्यात मोजायचा यावरून वाद होतात. पहिली नोंद ज्याची, त्याचा उमेदवार, असा नियम आधीच लिहून ठेवावा.

अहवालाची तारीखही आकडा बदलते. आपण ऑगस्टअखेरपर्यंत वाट पाहिली. हाच अहवाल ३१ मार्चला काढला असता तर बहुतेक इंजिनिअर नोटीस पीरियडमध्ये अडकलेले असते. तोवर रुजू झालेले होते मुख्यतः ऑपरेटर, म्हणून पोर्टलची सरासरी ६८ ऐवजी २०-२५ दिवस निघाली असती आणि सगळे खूश झाले असते. तसंच जूनमध्ये आलेले अर्ज आणि जूनमध्ये रुजू झालेली माणसं यांचं प्रमाण काढणं निरर्थक आहे. जूनमध्ये रुजू झालेल्यांनी मार्च-एप्रिलमध्ये अर्ज केले होते. महिन्याच्या घटना मोजून फनेल होत नाही. एकाच काळात आत आलेली माणसं धरायची आणि त्यांचाच माग शेवटपर्यंत काढायचा.

सरासरीबरोबर मधला आकडाही पाहावा. पाच ऑपरेटरांना १८, २०, २१, २२ आणि ११९ दिवस लागले तर सरासरी ४० येते, जी पाचांपैकी कुणाच्याच अनुभवाशी जुळत नाही. चढत्या क्रमातला मधला आकडा २१ आहे, आणि नवीन माणसाला काय सांगावं हे तोच सांगतो. ११९ दिवस का लागले याची चौकशी वेगळी करावी.

सर्वांत उपयोगी पडतं ते दिवसांचं टप्प्यांत विभाजन. पोर्टलच्या इंजिनिअरचे ८० दिवस असे पडले: अर्ज ते छाननी ६, छाननी ते मुलाखत ९, मुलाखत ते ऑफर ८, ऑफर ते स्वीकार ३, आणि स्वीकार ते रुजू ५४. ‘भरती जलद करा’ असा आदेश वरून आला की एचआर विभाग मुलाखतींच्या फेऱ्या कमी करतो. पण ऐंशीतले चोपन्न दिवस तिथे नाहीतच. त्या चोपन्न दिवसांत उमेदवाराला कुणाचा फोनही जात नाही. नोटीस पीरियड किती हे पहिल्याच फोनवर विचारणं, जमत असेल तर त्याचे पैसे भरून तो कमी करणं, आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या वरिष्ठाने आठवड्या-दोन आठवड्यांनी उमेदवाराशी बोलणं, हे उपाय नेमके त्या चोपन्न दिवसांवरचे आहेत.

या कारखान्याने काय करावं, हे आता सांगता येतं. पोर्टल बंद करू नये, कारण इंजिनिअर तिथूनच येत आहेत. ऑपरेटरसाठी रेफरल चालू ठेवावं, मात्र तो जलद आहे या समजुतीवर बक्षीस वाढवू नये. जास्तीचा वेळ आणि पैसा ऑफरनंतरच्या दिवसांवर लावावा. कन्सल्टन्सीबद्दल अजून काही महिने नोंदी घ्याव्यात आणि मग ठरवावं.

आणि तक्त्यात एक रकाना वाढवावा, जो मला अजून फारसा कुठे दिसलेला नाही. सरासरी दिवस आपण रुजू झालेल्या चोवीस जणांचेच मोजले. उरलेल्या ९७६ जणांपैकी कारखान्याने ज्यांना नाकारलं, त्यांना ते कळायला किती दिवस लागले? छाननीत बाजूला पडलेल्या ७६० जणांना बहुधा काहीच कळवलेलं नसतं. ते रोज ईमेल उघडतात, दुसरी नोकरी धरावी की थांबावं याचा विचार करत बसतात. छाननीचा निर्णय सहा दिवसांत होतो, तर त्याचं उत्तरही सातव्या दिवशी जाऊ शकतं. त्यासाठी लागतो तो एक ठरावीक मजकूर आणि तो पाठवायची शिस्त. ‘नकार कळवायला लागलेले सरासरी दिवस’ हा आकडा दर महिन्याला त्याच पडद्यावर येऊ लागला, तर कुणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागेल आणि तो कमी होईल.